उलट्या, धाप आणि न थांबणारी लघवी : किटोअ‍ॅसिडोसिसचं एक प्रकरण

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात, पहाटे, ११ वर्षांची एक मुलगी आमच्या बालरोग विभागात दाखल झाली. सोबतच्या चिठ्ठीवर ‘गॅस्ट्रो? दमा?’ एवढंच लिहिलेलं होतं. सोमवारी संध्याकाळपासून उलट्या, मंगळवारी पोटदुखी, आणि रात्री धाप लागली म्हणून गाडी करून आणलेली. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी ठाक, नाडी १३८, श्वास मिनिटाला ४०. हाक मारली की डोळे उघडायची, नाव सांगायची आणि पुन्हा मिटायची. वजन भरलं २८ किलो. जानेवारीत शाळेतल्या तपासणीत ते ३३ होतं. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. आजाराचा क्रम आणि कारणं बदललेली नाहीत.)

चिठ्ठीतलं निदान तिच्याकडे बघून जुळत नव्हतं. गॅस्ट्रोमध्ये उलट्यांच्या मागोमाग जुलाब लागतात. हिला एकही जुलाब झाला नव्हता. मूल इतकं सुकलं की लघवी आटते, सहा-सहा तास होत नाही. हिची आई म्हणाली, “येताना दोनदा गाडी थांबवायला लागली, लघवीसाठी.” आणि धाप दम्याची असेल तर छातीत शिट्टी ऐकू येते, श्वास बाहेर सोडायला त्रास होतो. हिची छाती दोन्ही बाजूंनी स्वच्छ होती, ऑक्सिजन ९९ टक्के होता, पण प्रत्येक श्वास खोल, पोटापासून घेतलेला, जराही न थांबणारा. जवळ वाकलं की तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा गोडसर उग्र वास येत होता. हा वास सगळ्यांनाच येतो असं नाही. काही डॉक्टरांना आणि नर्सना तो अजिबात जाणवत नाही, म्हणून वास नाही म्हणजे हा आजार नाही असं धरू नये.

बोटाच्या टोकावरून एक थेंब घेतला. ग्लुकोमीटरवर आकडा आला ४८६. हा मधुमेह होता, आणि त्यातला किटोअ‍ॅसिडोसिस, म्हणजे इन्सुलिन संपत आल्यामुळे रक्तात आम्ल साठणं.

आधीच्या तीन आठवड्यांत काय काय झालं होतं ते आईनं नंतर, मुलगी जरा सावरल्यावर, तुटक तुटक सांगितलं. आधी तहान. मे महिना, विदर्भातलं ऊन, घरातल्या सगळ्यांचाच माठ दिवसातून दोनदा भरायचा, त्यात हिच्या तांब्याचा हिशेब कोण ठेवणार. “उन्हाळा लागलाय पोरीला,” असं आजीनं ठरवलं आणि थंडावा म्हणून सरबत, उसाचा रस, ग्लुकोजची पावडर सुरू झाली. मग रात्री तीन-तीनदा उठणं. मग अंथरूण ओलं होणं, जे पाचव्या वर्षीच बंद झालं होतं. हे आईनं कुणालाच सांगितलं नाही. “एवढी मोठी पोर अंथरूण भिजवते, हे कुणाला सांगायचं डॉक्टर?” आजीच्या लक्षात आलेली एक गोष्ट मात्र निदानाच्या सगळ्यात जवळची होती. मोरीत, जिथे मुलगी लघवीला बसायची, तिथे मुंग्या लागत होत्या. आजीनं हळद टाकली आणि विषय संपला.

भूक वाढली होती, आणि तरी चेहरा उतरत होता. शाळेचा जुना स्कर्ट कमरेवर थांबेना. घरच्यांना वाटलं, अंगानं वाढतेय, उंच होतेय. तहान, लघवी, अंथरूण, उतरणारं वजन, ही चार लक्षणं वेगवेगळी पाहिली तर प्रत्येकाला साधं कारण सापडतं, आणि मे महिन्यात तर चटकन सापडतं. ती एकत्र दिसली की त्याच दिवशी साखर तपासायची. पुढच्या आठवड्याचं नाव काढायचं नाही, कारण लहान मुलात तहानेपासून बेशुद्धीपर्यंतचं अंतर कधीकधी काही दिवसांचंच असतं.

गावातल्या डॉक्टरांनी मंगळवारी पोटदुखीचं इंजेक्शन दिलं आणि ग्लुकोज घातलेल्या सलाइनची एक बाटली लावली. पुढे वडील वारंवार विचारत होते की त्या बाटलीमुळेच हे झालं का. त्या बाटलीनं साखर आणखी वर गेली असेल, हे खरं. पण मुलीच्या रक्तात जे आम्ल साठलं होतं, ते साखरेचं नव्हतं. ते चरबीतून आलं होतं. या आजारातला सगळ्यात मोठा गैरसमज इथेच आहे, म्हणून त्याकडे नीट बघू.

आम्ल येतं कुठून

इन्सुलिन रक्तातली साखर पेशीत शिरू देतं, हे आता बऱ्याच जणांना माहीत असतं. त्याचं दुसरं काम फारसं बोललं जात नाही: ते चरबीच्या साठ्याला लगाम घालून ठेवतं. जेवलेल्या माणसाच्या रक्तात इन्सुलिन असतं, म्हणून चरबी जागेवर राहते. रात्री उपाशीपोटी इन्सुलिन कमी होतं, थोडी चरबी सुटते, यकृत तिच्यापासून थोडे कीटोन बनवतं आणि मेंदू, हृदय ते वापरतात. हा रोजचा, निरोगी व्यवहार आहे. उपवासाच्या दिवशी लघवीत जरासे कीटोन दिसतात ते यामुळेच, आणि तिथे ते वाढत जात नाहीत, कारण लगाम धरून ठेवण्याइतकं थोडं इन्सुलिन अंगात असतंच.

टाइप १ मधुमेहात शरीराचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारत जाते. इन्सुलिन जवळजवळ संपतं तेव्हा लगाम सुटतो. चरबीतली आम्लं लोंढ्यानं यकृतात येतात. त्याच वेळी ग्लुकागॉन नावाचं दुसरं संप्रेरक मोकाट असतं. ते यकृताला सांगतं की घरात अन्न नाही, सगळी चरबी जाळायला घे. यकृत पेशींच्या आत ती जाळतं, पण इतकी चरबी पुरती जाळणं जमत नाही. उरलेल्याचे कीटोन बनतात. त्यातले दोन, अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट आणि बीटा-हायड्रॉक्सिब्युटिरेट, हे आम्लं आहेत. तिसरं अ‍ॅसिटोन, जे श्वासातून बाहेर पडतं. तिच्या तोंडाचा वास त्याचाच.

रक्तात आम्ल वाढू लागलं की शरीराकडे बचावासाठी बायकार्बोनेट असतं. ते आम्लाला निष्प्रभ करतं, पण त्यात खर्च होतं आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतो. तो बाहेर टाकायला फुप्फुसं जोरात चालू लागतात. मुलीची ‘धाप’ ही होती. फुप्फुसं बिघडलेली नव्हती, उलट ती जीव तोडून रक्त सावरत होती. जर्मन डॉक्टर अडॉल्फ कुसमाउल यांनी १८७४ साली मधुमेही बेशुद्धीतला हा खोल श्वास लिहून ठेवला. त्याला आजही त्यांचंच नाव आहे. त्या काळी हा श्वास सुरू झाला की पुढे काही करण्यासारखं नसायचं. इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन माणसाला मिळायला जानेवारी १९२२ उजाडला.

दुसरीकडे साखर आपलं काम करत असते. रक्तात ती साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मूत्रपिंड तिला पूर्ण परत ओढून घेऊ शकत नाही. साखर लघवीत उतरते आणि सोबत पाणी, सोडियम, पोटॅशियम ओढून नेते. म्हणून सुकलेल्या मुलाला भरपूर लघवी होते. शरीर जसं कोरडं पडतं तसे ताणाचे संप्रेरक, अ‍ॅड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल, वाढतात. ते साखर आणि कीटोन दोन्ही आणखी वाढवतात. त्यात उलट्या सुरू झाल्या की तोंडावाटे पाणी जाणंही बंद. तीन आठवडे रेंगाळलेलं दुखणं शेवटच्या एका दिवसात कोसळतं ते या चक्रामुळे. सोमवारी दुपारी ही मुलगी अंगणात खेळत होती.

पोटदुखीसुद्धा आम्लामुळेच होते, आणि ती इतकी तीव्र असते की अपेंडिक्स म्हणून शस्त्रक्रियेची तयारी झालेली मुलंही येतात. भरीला रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतुसंसर्ग नसतानाही वाढतात. हिच्या १९,००० होत्या. आम्ल उतरलं तसं बारा तासांत पोट मऊ पडलं. आम्ल उतरूनही पोट दुखत राहिलं असतं तर आम्ही सर्जनना बोलावलं असतं.

आकडे काय सांगत होते

रक्ताचा पीएच ७.१२ आला. निरोगी माणसात तो ७.३५ ते ७.४५ च्या मध्ये असतो. बायकार्बोनेट ६, जे २२ च्या पुढे असायला हवं. रक्तातले कीटोन ५.८ मिलिमोल. ०.६ च्या खाली असले तर ठीक, ३ किंवा वर म्हणजे धोका. मुलांमध्ये साखर २०० च्या वर, पीएच ७.३ च्या खाली किंवा बायकार्बोनेट १८ च्या खाली, आणि कीटोन वाढलेले, या तिन्ही गोष्टी जुळल्या की निदान पक्कं. पीएच ७.१ च्या खाली गेला असता तर हे प्रकरण ‘तीव्र’ गटात धरलं असतं. ती त्याच्या उंबरठ्यावर होती.

रक्ताचे कीटोन मोजणारं यंत्र अनेक तालुक्यांच्या ठिकाणी नसतं. लघवीत बुडवायची पट्टी मात्र मेडिकलमध्ये मिळते आणि पहिल्या निदानाला ती पुरते. तिची एक मर्यादा लक्षात ठेवायची: पट्टीला फक्त अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट दिसतं, आणि या आजारात जास्त असतं ते दुसरं आम्ल. त्यामुळे सुरुवातीला पट्टी आजार सौम्य दाखवू शकते. उपचारानं दुसऱ्याचं पहिल्यात रूपांतर होऊ लागलं की पट्टी अधिक गडद होते, आणि बरं होणारं मूल बिघडतंय असं वाटतं.

साखरेच्या आकड्यावर आजाराची तीव्रता ठरवणंही चुकीचं. ३०० साखरेचं मूल ६०० वाल्यापेक्षा जास्त आम्लयुक्त असू शकतं. मोठ्यांमध्ये तर हल्ली आणखी एक प्रकार दिसतो. टाइप २ मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातल्या गोळ्या खूप जण घेतात. त्या साखर लघवीवाटे काढून टाकतात. असा माणूस कडक उपवास करतो, तापानं जेवत नाही किंवा शस्त्रक्रियेसाठी उपाशी राहतो, तेव्हा कीटोन चढतात आणि साखर मात्र १८०–२०० च्या आसपासच दिसते. उलट्या, धाप, गळून जाणं असेल आणि ही गोळी चालू असेल, तर साखर ‘बरी’ आहे म्हणून घरी पाठवू नये. कीटोन तपासावेत.

पहिले सोळा तास

सगळ्यात आधी पाणी. इन्सुलिन नंतर. तिला साध्या, ग्लुकोज नसलेल्या सलाइनचे २८० मिली, म्हणजे किलोमागे १०, अर्ध्या तासात दिले. नाडी १२० वर आली, हातपाय गरम झाले. पुढचं पाणी मुद्दाम सावकाश. तिची तूट अंदाजे दोन लिटर होती. ती ४८ तासांवर पसरवून, रोजची गरज मिळवून ताशी साधारण १०० मिली ठेवलं. घाई करत नाहीत याचं कारण मेंदूला येणारी सूज. ती शंभरात एखाद्याच मुलाला येते, पण या आजारात मुलं दगावतात ती बहुतेक तिच्यामुळे, आणि उपचार सुरू झाल्यावरच्या पहिल्या बारा तासांत ती जास्त दिसते. म्हणून सिस्टर दर तासाला तिला जागं करून नाव विचारत होत्या, डोळ्यांच्या बाहुल्या पाहत होत्या. डोकं दुखणं, चिडचिड, नाडी एकदम मंदावणं यातलं काही दिसलं असतं तर द्यायला मॅनिटॉल खाटेशेजारीच ठेवलं होतं. गरज पडली नाही.

तासाभरानं इन्सुलिनची ड्रिप सुरू झाली. किलोमागे ताशी ०.१ युनिट, म्हणजे ताशी २.८. एकदम मोठं इंजेक्शन शिरेतून देत नाहीत. सोबत सलाइनमध्ये पोटॅशियम. तिचं पोटॅशियम ५.१ होतं, म्हणजे कागदावर भरपूर, आणि एका शिकाऊ डॉक्टरनं विचारलंच की हे का द्यायचं. आम्लानं आणि इन्सुलिनच्या अभावानं पोटॅशियम पेशींमधून रक्तात ढकललेलं असतं, आणि तिथून लघवीत वाहून गेलेलं असतं. शरीरातला साठा रिकामाच असतो. इन्सुलिन लागू पडलं की ते पुन्हा पेशींत शिरतं आणि रक्तातलं झपाट्यानं उतरतं. चार तासांनी तिचं ३.६ झालं होतं, देत असूनही. दिलं नसतं तर हृदयाचे ठोके बिघडण्यापर्यंत पाळी आली असती.

पाचव्या तासाला साखर २६८ झाली. वडिलांच्या जिवात जीव आला. “आता इन्सुलिन बंद करणार ना?” त्या वेळी पीएच होता ७.१९ आणि बायकार्बोनेट ९. साखर निम्म्याला आली होती, आम्ल मात्र अजून तिथेच होतं, कारण साखर लवकर उतरते आणि कीटोन उशिरा. इथे इन्सुलिन थांबवलं की चरबी पुन्हा सुटते आणि काही तासांत मूल परत पहिल्या जागी येतं. म्हणून इन्सुलिन तसंच ठेवून सलाइनमध्ये पाच टक्के ग्लुकोज घातलं. ज्या ग्लुकोजवर वडिलांचा राग होता तेच आता आम्ही लावत होतो, आणि ते का, हे त्यांना खाटेपाशी बसून समजावून सांगितलं. मंगळवारी अंगात इन्सुलिन नव्हतं, आता आहे. ग्लुकोज इन्सुलिनला काम करत राहू देतं. सोडा-बायकार्बोनेटचं इंजेक्शन मात्र दिलं नाही. त्यानं आकडा सुधारतो, आम्ल बनणं थांबत नाही, आणि मुलांमध्ये अपाय होऊ शकतो.

सोळाव्या तासाला पीएच ७.३४, बायकार्बोनेट १८, कीटोन ०.८. तिनं वरण-भात मागितला. कातडीखालचं पहिलं इन्सुलिन देऊन, ते लागू पडायला वेळ देऊन, मगच ड्रिप काढली.

घरी गेल्यावर पुन्हा हेच का होतं

“आमच्यात कुणालाच शुगर नाही,” हे वाक्य जवळजवळ प्रत्येक घरातून येतं, आणि टाइप १ मध्ये बहुतेक वेळा ते खरंच असतं. त्याहून अवघड गोष्ट पुढे येते. निदानानंतर काही आठवड्यांनी उरलेल्या थोड्या पेशी सावरतात आणि इन्सुलिनची गरज घटते. ही मुलगी २४ युनिटांवर घरी गेली, जुलैत ती १२ वर आली होती. नातेवाइकांनी लगेच एका औषधाचं नाव सुचवलं, ज्यानं ‘सुई सुटते’. अशा काळात सुई सोडली तर काही दिवस साखर बरी राहतेही, त्यामुळे विश्वास बसतो, आणि मग मूल तशाच खोल श्वासानं परत येतं. ही तात्पुरती सवलत आहे, काही महिन्यांत संपते, हे आम्ही डिस्चार्जच्या दिवशीच आजीसह सगळ्यांसमोर सांगतो.

सुई चालू असूनही इन्सुलिन कमी पडतं, त्याची दोन कारणं आपल्याकडे नेहमीची. आपल्या बाजारात ४० युनिट प्रति मिलीच्या बाटल्या मिळतात आणि १०० च्याही, आणि सिरिंजही दोन्ही प्रकारच्या. ४० च्या बाटलीतलं औषध १०० च्या सिरिंजमध्ये १० च्या रेघेपर्यंत भरलं तर मुलाला १० नव्हे, ४ युनिट मिळतात. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे का, हे दर वेळी बघायचं. दुसरं कारण ऊन. खिडकीत किंवा गाडीच्या डिकीत राहिलेलं इन्सुलिन दिसायला तसंच असतं, पण त्याची ताकद गेलेली असते. फ्रीज नसेल किंवा वीज टिकत नसेल तर ओल्या वाळूत ठेवलेलं मातीचं मडकं चालतं, मात्र बाटली पिशवीत कोरडी राहायला हवी.

ऑगस्टमध्ये तिला व्हायरल ताप आला आणि आईचा फोन आला. पोरगी काही खात नाही, मग आज सुई देऊ का नको? विचारलं हे फार बरं झालं. मूल जेवत नाही म्हणून इन्सुलिन पूर्ण बंद करणं, हे जुन्या रुग्णांमध्ये किटोअ‍ॅसिडोसिस होण्याचं नेहमीचं कारण आहे. तापात ताणाचे संप्रेरक वाढतात, त्यामुळे पोट रिकामं असलं तरी इन्सुलिन लागतं, कधी जास्तच लागतं. साखर २१२ होती, लघवीच्या पट्टीवर कीटोन दोन प्लस. रात्रीचं लांब पल्ल्याचं इन्सुलिन पूर्ण द्यायला सांगितलं. सोबत लवकर काम करणारं, दिवसाच्या एकूण मात्रेच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकं जादा, आणि घोट घोट पेज व ओआरएस, म्हणजे साखर फार खाली जाणार नाही. दर तीन तासांनी साखर आणि पट्टी. रात्री दहाला पट्टीवर नुसती छटा उरली होती.

जादा मात्रा किती, हे प्रत्येक मुलाच्या वजनावर आणि चालू मात्रेवर ठरतं. ते आधीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घेऊन फ्रीजवर लावलेलं असावं. आणि पुढचं काही झालं तर फोनवर वेळ घालवायचा नाही: दोनपेक्षा जास्त उलट्या, जादा मात्रेनंतरही दोन-तीन तासांत न उतरलेले कीटोन, खोल श्वास, पोटात सतत दुखणं, हाक मारल्यावर उशिरा मिळणारं उत्तर. तेव्हा थेट निघायचं, रात्र असली तरी. सोबत इन्सुलिनची बाटली, सिरिंज आणि शेवटची मात्रा किती वाजता, किती दिली ते लिहिलेला कागद घ्यायचा. दारातच सांगायचं, “टाइप १ आहे, कीटोन वाढलेत.”